मदत हवी आहे: चार बिंदूंवरून पॅरललपाइप्डचं घनफळ, ६८ की ४४ की ४०?

खानापूर_पीयूसी
नमस्कार. सरावपत्रात A(१, २, १) या कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडांची दुसरी टोकं दिली आहेत: B(४, ३, १), C(२, ५, ३), D(२, १, ५). घनफळ काढायचंय. B, C, D चे आकडे तीन ओळींत मांडून डिटर्मिनंट काढला तर ६८ आला. मागं उत्तर ४० छापलंय. आकडेमोड तीनदा तपासली, ६८च येतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, इथं प्रश्नात 'कोटर्मिनस एजेस' असा शब्द आहे. त्याचा अर्थ चुकतोय का माझा?

निपाणीकर
भावा, A वजा केलाच नाहीस तू. बिंदू म्हणजे कड नव्हे. B मधून A, C मधून A, D मधून A वजा कर आणि मग डिटर्मिनंट काढ. आणि A च पाहिजे असंही काही नाही. चारांपैकी कुठलाही बिंदू मूळ धर, उत्तर तेच येतं. त्यामुळं कुठला कोपरा कुठं आहे हे बघतच बसायचं नाही.

खानापूर_पीयूसी
धन्यवाद दादा. AB = (३, १, ०), AC = (१, ३, २), AD = (१, −१, ४) आले. आता पहिल्या ओळीनं विस्तार केला:
```
३(३·४ + २·१) + १(१·४ − २·१) + ० = ४२ + २ = ४४
```
आता ४४ आला. पुस्तकातलं ४० चुकीचं छापलंय का?

मलप्रभा_गणित
पुस्तक बरोबर आहे. मधल्या पदाचं चिन्ह उणे हवं होतं: ४२ − २ = ४०. पहिल्या ओळीनं विस्तार करताना चिन्हं अधिक, उणे, अधिक अशी येतात.

'कोटर्मिनस' म्हणजे एकाच कोपऱ्यातून निघणाऱ्या कडा. तो अर्थ तुला नीट कळला होता, फक्त तुझ्या पहिल्या आकडेमोडीत कडा A मधून न निघता (०, ०, ०) मधून निघाल्या. ६८ हा आकडेमोडीचा दोष नव्हे. मूळबिंदूपासून B, C, D पर्यंत कडा ओढल्या तर जो तिरका ठोकळा होतो, त्याचं घनफळ खरंच ६८ आहे. तो ठोकळाच वेगळा. म्हणून तीनदा तपासूनही तुला चूक सापडली नाही.

या दोन चुका पकडायला दोन वेगळ्या तपासण्या लागतात. पहिली, कडांच्या लांबीची. AB ची लांबी √१०, AC ची √१४, AD ची √१८. तिन्ही कडा एकमेकींना काटकोनात असत्या तर घनफळ √२५२०, म्हणजे साधारण ५०.२ झालं असतं. कडा कलल्या की घनफळ त्यापेक्षा कमीच होतं, कधी वाढत नाही. त्यामुळं ६८ दिसताच थांबायचं. पण ४४ या चाळणीतून सुटतो.

त्याला दुसरी तपासणी. डिटर्मिनंट एकदम काढू नकोस, आधी तळाचा क्रॉस प्रॉडक्ट काढ:
```
AB × AC = (२, −६, ८)
```
हा व्हेक्टर तळाला लंब असायलाच हवा. AB शी डॉट घे: ६ − ६ = ०. AC शी: २ − १८ + १६ = ०. दोन्ही शून्य, म्हणजे चिन्हं बरोबर. तुझ्यासारखं मधलं चिन्ह उलटलं असतं तर (२, ६, ८) आला असता आणि AB शी डॉट १२ आला असता. चूक तिथंच दिसली असती. आता AD शी डॉट: २ + ६ + ३२ = ४०.

यातच घनफळ का मिळतं तेही दिसतं. (२, −६, ८) ची लांबी √१०४, सुमारे १०.२, हे तळाच्या समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ. डॉट घेताना AD चा लंब दिशेतला भागच मोजला जातो. तो ४० भागिले √१०४, सुमारे ३.९२, ही खरी उंची. AD स्वतः ४.२४ लांब आहे, पण कललेली आहे.

निपाणीकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. B मूळ धरला तर −४० येतो, चिन्ह सोडलं की ४०च. पण चार बिंदू 'एक कोपरा आणि त्याचे तीन शेजारी' आहेत हे प्रश्नात सांगितलंय, म्हणूनच. तेच चार बिंदू एकाआड एक कोपरे असते, म्हणजे A आणि A ला लागून असलेल्या तीन बाजूंची समोरची टोकं, तर उत्तर दुप्पट येतं. तपासून बघा: AB + AC = (४, ४, २), AC + AD = (२, २, ६), AD + AB = (४, ०, ४). यांचा डिटर्मिनंट ८० येतो आणि ठोकळा तर ४०चाच आहे. चारही बिंदू एकाच बाजूवरचे असले तर शून्य. कोपरे बघावेच लागतात.

निपाणीकर
८० काढून बघितला, मान्य. मी नेहमी B पासून, C पासून काढून बघायचो, तेच यायचं, म्हणून तसं वाटलं. पण मॅडम, ऑप्शनमध्ये −४० आणि ४० दोन्ही असले तर?

मलप्रभा_गणित
घनफळ विचारलंय तर ४०. AB आणि AC ची अदलाबदल केली की लगेच −४० होतो, ठोकळा तोच राहतो. मात्र प्रश्नात नुसती [AB AC AD] ची किंमत विचारली असेल तर चिन्ह ठेवायचं. प्रश्नाचे शब्द बघा.

उद्यमबाग_फॅब्रिकेटर
मध्येच विचारतोय. पत्र्याचा हॉपर करायचाय, वर रुंद खाली अरुंद. किती लिटर मावेल ते यानं निघेल का?

मलप्रभा_गणित
नाही. समोरासमोरच्या बाजू समांतर असतील तरच हे चालतं. निमुळता हॉपर यात बसत नाही.

उद्यमबाग_फॅब्रिकेटर
हॉपरखाली तिरका सरळ डबा आहे, तो निमुळता नाही. तळ ६० बाय ४० सेंमी, काटकोनात. तिरकी कड ५० सेंमी, ६० च्या बाजूला कललेली. आमच्याकडं सगळे ६० × ४० × ५० धरून १२० लिटर म्हणतात. माझ्याकडं फक्त टेप आहे, कोन मोजायचं काही नाही.

मलप्रभा_गणित
टेप पुरे. एका कोपऱ्यातून निघणारी ६० ची कड आणि ५० ची कड, या दोन्हींच्या मोकळ्या टोकांमधलं अंतर मोजा. ते d धरा.
```
cos θ = (६०² + ५०² − d²) / (२·६०·५०)
```
समजा d ५५.७ सेंमी आलं, तर θ सुमारे ६०°. मग कडा (६०, ०, ०), (०, ४०, ०), (२५, ०, ४३.३). घनफळ ६० × ४० × ४३.३, म्हणजे साधारण १०४ लिटर. १२० धरलं तर १६ लिटर जास्त लागले. मापं आतून घ्या, बाहेरून घेतली तर पत्र्याची जाडी मिसळते.

तिरकी कड ४० च्या बाजूलाही थोडी कलली आहे का तेही बघा. तिथं d ६४ च्या आसपास आलं तर काटकोन.

उद्यमबाग_फॅब्रिकेटर
पहिलं अंतर ५५.५ ते ५६ च्या मध्ये आहे, टेप नीट धरता येत नाही. ४० च्या बाजूला ५८ आलं. म्हणजे तिकडंही कललाय की वो?

मलप्रभा_गणित
५८ धरलं तर तो कोन ८०° च्या जवळ जातो. मग तिसरी कड साधारण (२५, ९, ४२.४) आणि घनफळ १०२ लिटरच्या आसपास. पण दोन्ही बाजूंनी कलला असेल तर तोंड तळावर सरळ बसणार नाही. ते मुद्दाम तसं केलंय की वेल्डिंगमध्ये ओढलं गेलंय? ओढलं गेलं असेल तर चारही उभ्या कडा समांतर आहेत का आधी बघा, नाहीतर हा हिशेबच लागू नाही.

उद्यमबाग_फॅब्रिकेटर
उद्या चारही कडा मोजून टाकतो.