गणित कळेल, चित्राचं काय?

"गणित विश्वात सगळीकडे सारखंच, मग परग्रहवासीयांशी बोलायला दुभाषा कशाला?" असं लोक विचारतात.

संख्येचे अवयव पाडण्यापर्यंत ठीक आहे. पण परग्रहवासीयांच्या शोधावर १९६१ मध्ये अमेरिकेत झालेल्या ग्रीन बँक बैठकीनंतर खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेकने तिथल्याच शास्त्रज्ञांना ५५१ शून्य-एकांचा नमुना संदेश धाडला होता. ५५१ म्हणजे १९ गुणिले २९. तशा ओळी लावल्या की चित्र दिसतं. उलगडला तो एकट्या बर्नार्ड ऑलिव्हरला! आणि ही एकमेकांना ओळखणारी, डोळे असलेली माणसं. ज्याला डोळेच नाहीत तो आकडे चौकटीत कशाला मांडेल?

मी दुभाष्याचं काम करते. समोरच्याचा चेहरा कोरा दिसला की मी लगेच वेगळ्या पद्धतीने विचारते. परग्रहवासीयांसाठी रेडिओ लहरींतून धाडलेला, असाच शून्य-एकांचा १९७४ चा आरेसिबो संदेश एम१३ या तारकागुच्छाकडे निघालाय, सुमारे २५,००० प्रकाशवर्षं लांब. तिथून कुणी "म्हणजे काय?" विचारलंच, तर ते ऐकायलाच पन्नास हजार वर्षं थांबावं लागेल.