दुभाष्याने मध्येच तोंड उघडावं का?

निशिकांत: कालची कथा वाचली. तहाची बोलणी ऐन रंगात, आणि दुभाषी पोरगी उठून म्हणते, "हे कलम घातक आहे." सगळे अवाक! बाईंना मत विचारलं कुणी? बोललेलं पोचवा आणि गप्प बसा.

अरुंधती: हेच काम करते, म्हणून राहवत नाही. कलम नीट वाचलंत का? "करारानंतर उभारलेल्या चौक्या व तोफा नव्वद दिवसांत हटवाव्यात." 'करारानंतर उभारलेल्या' हे फक्त चौक्यांचं की तोफांचंही? तोफांचंही असेल, तर जुन्या तोफा राहिल्या की जागच्या जागी! आणि समोरच्यांच्या भाषेत ते मोघम ठेवायची सोयच नाही, कुठला तरी एक अर्थ धरावाच लागतो. म्हणजे गुपचूप भाषांतर केलं असतं तरी निवाडा तिनेच केला असता. अशा वेळी "दुभाषी खुलासा मागते आहे" असं उघड सांगून बोलणाऱ्यालाच विचारायचं असतं. लेखिका चुकली ती 'घातक' या शब्दात. ते मधल्या सुट्टीत आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुखाच्या कानावर घालायचं.

बापू: इथिओपियात दुभाष्याच्या चुकीने युद्ध पेटलं होतं. विषय संपला.

अरुंधती: अर्धवट, बापू. 1889चा इटली आणि इथिओपियातला वुचालेचा तह, 17वं कलम. इथिओपियाच्या अम्हारिक भाषेतल्या मसुद्यानुसार तिथला सम्राट मेनेलिक याला परराष्ट्र व्यवहार इटलीमार्फत करता येणार होता; इटालियन मसुद्यानुसार करावाच लागणार होता. तेवढ्यावर इटलीने संरक्षक सत्ता असल्याचा दावा ठोकला आणि 1896 साली अडव्याच्या लढाईत सडकून मार खाल्ला. पण ती चूक की लबाडी, यावर वाद आहे. दर वेळी दुभाष्याच्याच माथी कशाला?

रेखा: आमच्या भाडेकरारात "किरकोळ दुरुस्ती व रंगकाम भाडेकरूने" असं होतं. मालकाने अख्ख्या घराला रंग आमच्याकडून लावून घेतला. 'किरकोळ' म्हणे फक्त दुरुस्तीला!

बापू: सही कशाला केलीत मग?

रेखा: तुम्ही सगळे करार वाचून सही करता वाटतं! वकिलानेच "ठीक आहे" म्हटलं होतं.

बापू: वकील कुणाचा, मालकाचा? मग भोगा.

रेखा: भाषा सांभाळा.

निशिकांत: रंगकाम आवरा. अरुंधतीताई, मोघमपणा मुद्दामही ठेवतात. सुरक्षा परिषदेचा 1967चा ठराव 242 घ्या. इंग्रजीत इस्रायलने 'व्यापलेल्या प्रदेशांतून' माघार घ्यावी असं आहे. सगळ्या की फक्त काही, ते मोघम. फ्रेंच मसुदा 'सगळ्या'कडे झुकतो. तुमची नायिका तिथे खुलासा मागत बसली असती तर ठराव झाला असता का?

अरुंधती: नसता कदाचित. पण मुद्दाम ठेवलंय हे प्रमुखाला ठाऊक असतं. तो म्हणेल "राहू दे", ती गप्प बसेल. कथेतल्या प्रमुखाच्या ते गावीही नव्हतं.

निशिकांत: बरं बाई, खुलासा मागू दे. उठून भाषण नको.

रेखा: मग 'किरकोळ' रंगकामालाही लागू होतं ना? कुणी सांगेल का?