मदत हवी आहे : पीसीबीचे काम वारंवार लांबत असलेल्या सहकाऱ्यास दोष न देता ईमेल कसा लिहावा?

मांडवीकाठ

नमस्कार. आम्ही तिघेजण दिवाडी बेटावरील एका खाजन शेताच्या मानशीजवळ, म्हणजे भरतीचे पाणी अडवणाऱ्या दाराजवळ, पाण्याची पातळी नोंदवणारे उपकरण ईएसपी३२ चिपवर तयार करीत आहोत. पीसीबीचा, म्हणजे छापील सर्किट बोर्डाचा आराखडा एका सहकाऱ्याकडे, चिपमधला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर माझ्याकडे, तर पेटी आणि जागेवरील बसवणी तिसऱ्याकडे आहे. आराखड्याची तारीख वारंवार पुढे जाते. चाचणी उधाणाच्या भरतीलाच घ्यायची असल्यामुळे अमावास्या किंवा पौर्णिमा हुकली, की पुढचा पंधरवडा थांबावे लागते. सहकारी त्यांच्या कामात निष्णात आहेत आणि दिवसभराची नोकरी सांभाळून हे करतात, त्यामुळे संबंध बिघडू नयेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. मी असा मसुदा केला आहे :

"आराखडा याही वेळी ठरल्या दिवशी आला नाही, त्यामुळे पुढचे काम थांबले आहे. कृपया शुक्रवारपर्यंत पीसीबी पूर्ण करून पाठवावी."

हा मसुदा कसा सुधारावा?

राघणेकर

ईमेलची प्रत मार्गदर्शकांना पाठवा आणि तारीख मनातल्या तारखेपेक्षा चार दिवस आधीची सांगा. काम वेळेवर होईल.

तांब्याची_वाट

हाताशी जादा दिवस असावेत हे राघणेकरांचे म्हणणे बरोबर आहे, पण ते लपवून ठेवू नयेत. खोटी तारीख एकदा उघडी पडली, की पुढची खरी तारीखही कोणी मनावर घेत नाही. प्रत पाठवणे म्हणजे तक्रारच होय.

मसुद्यातील मुख्य अडचण "पीसीबी पूर्ण" या शब्दांत आहे. हे एक काम नसून आधी सर्किटचा नकाशा, मग प्रत्येक भागाचा फूटप्रिंट म्हणजे बोर्डावरील त्याच्या जागेचा आकार, मग मांडणी आणि शेवटी बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या गर्बर फायली असा क्रम असतो, आणि यांपैकी नेमके काय अडले आहे ते तुमच्या पत्रात कोठेच विचारलेले नाही. तुमच्या सेन्सरची तार ईएसपी३२ च्या कोणत्या पिनवर जाणार, हे लेखी ठरले आहे का?

मांडवीकाठ

अजून नाही. सेन्सर अॅनालॉग आहे आणि नोंदी वाय-फायने पाठवायच्या आहेत.

तांब्याची_वाट

मग मांडणी पुन्हापुन्हा मोडत असण्याची शक्यता आहे. वाय-फाय चालू असताना या चिपचा दुसरा एडीसी, म्हणजे अॅनालॉग सिग्नल मोजणारा भाग, वापरता येत नाही, म्हणून सेन्सर पहिल्या एडीसीवरच, म्हणजे जीपीआयओ ३२ ते ३९ यांपैकी पिनवर घ्यावा लागतो. सोबत तरंगता स्विचही लावणार असाल आणि तो ३४ ते ३९ वर घेतला, तर तेथे अंतर्गत पुल-अप नसल्याने बाहेरून रोधक लावावा लागतो. हे मांडणी झाल्यानंतर कळले, तर आठवड्याचे काम फुकट जाते. त्यामुळे पिनांची यादी तुम्ही द्यावी आणि ती गोठवल्यानंतरच तारीख मागावी.

फोंडेकर८

आमच्या महाविद्यालयीन प्रकल्पात सहकारी मध्येच निघून गेला, तेव्हा आम्ही तयार डेव्हलपमेंट बोर्डच पेटीत बसवला. तुम्हीही तसेच करा, पीसीबीची गरजच नाही.

तांब्याची_वाट

प्रश्न सहकाऱ्याला वगळण्याचा नाही. शिवाय तयार बोर्डावरील रेग्युलेटर आणि यूएसबी चिप झोपेतही वीज खातात, त्यामुळे मानशीजवळ बॅटरी फार टिकणार नाही. फर्मवेअर लिहिण्यापुरता मात्र तोच बोर्ड उत्तम, कारण तोवर पीसीबीची वाट पाहावी लागत नाही.

मांडवीकाठ

आपणा सर्वांचा आभारी आहे. नवा मसुदा असा :

"नमस्कार. दोन महिन्यांनंतरच्या पौर्णिमेच्या उधाणाला चाचणी घ्यायची, तर जोडणी झालेली पीसीबी एक आठवडा आधी हातात हवी. निर्मिती आणि कुरिअर यांसाठी तीन आठवडे धरले, तर गर्बर फायली पौर्णिमेच्या चार आठवडे आधी पाठवाव्या लागतील. या तीन आठवड्यांतच जादा दिवस धरलेले आहेत.

पिनांची यादी मी सोमवारी पाठवतो. ती तुम्ही तपासून मान्य केल्यानंतर आपण दोघांनीही ती बदलू नये. त्यानंतर प्रथम सर्किटचा नकाशा आणि मग मांडणी, अशा दोन टप्प्यांच्या तारखा तुम्हीच तुमच्या नोकरीच्या वेळा पाहून सुचवाव्यात. नकाशा अपुरा असला तरी त्या दिवशी आहे तसा पाठवावा, म्हणजे आपण अर्धा तास फोनवर तो एकत्र पाहू. तोवर मी डेव्हलपमेंट बोर्डावर काम चालू ठेवतो. फूटप्रिंट तपासण्याचे काम माझ्याकडे दिल्यास तुमचा भार हलका होईल का? तारीख चुकेल असे वाटल्यास दोन दिवस आधी एका ओळीत कळवावे, म्हणजे पुढची अमावास्या धरता येईल."

राघणेकर

मसुदा चांगला आहे, पण नकाशाही आला नाही तर काय, हे त्यात नाही. तेव्हा मांडणी दुसऱ्याकडे जाईल, असे आत्ताच लिहावे.

तांब्याची_वाट

पहिल्याच पत्रात ते धमकीसारखे वाचले जाईल. नकाशाची तारीख उलटल्यास ते फोनवर विचारावे, असे मला वाटते.

मांडवीकाठ

यावर माझा निर्णय अजून झालेला नाही. पिनांची यादी आज रात्री तयार करून प्रथम तिसऱ्या सहकाऱ्याला दाखवतो, कारण पेटीतील कनेक्टरची जागा त्यांच्या मापांवर अवलंबून आहे.