अडॅप्टर घालून ढकललेला सिम ट्रे आता बाहेरच येईना

सोनचाफा
बाबांचा फोन २०१७ सालचा आहे. जुनं सिम बिघडलं म्हणून परवा दुकानातून त्याच नंबरचं नवीन घेतलं. दुकानातल्या मुलाने कार्डातून सगळ्यात छोटा तुकडा तोडून हातात दिला. घरी आल्यावर पाहते तर ट्रेच्या पहिल्या खाचेत तो खुळखुळतोय, ट्रे जरा कलला की पडतोच. मग बाजारातून वीस रुपयांचं प्लास्टिकचं अडॅप्टर आणलं, त्यात सिम बसवून ट्रे आत ढकलला. नेटवर्क आलं नाही म्हणून काढायला गेले, तर ट्रे दोन-अडीच मिलिमीटर बाहेर येतो आणि थांबतो. बाबा म्हणतात पक्कड आण. मी पक्कड लपवून ठेवली आहे. काय करू? आणि दुसरं चांगलं अडॅप्टर कुठलं घ्यावं?

गल्लीतला_गजा
अडॅप्टर कशाला घेतलं ताई. सरळ सिम कापायचं. मी २०१४ पासून कात्रीने कापतोय, घरातली पाच-सहा सिमं कापली, एकही मेलं नाही.

सोनचाफा
अहो दादा, माझं सिम आधीच लहान आहे. आणखी कापून काय होणार?

गल्लीतला_गजा
हां, ते नीट वाचलं नाही. मग सेलोटेप लावा.

डाक_टपाल
नेटवर्क येत नाही म्हणताय ना? माझंही तसंच झालं होतं. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत, बँकेचा ओटीपीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू होतं. थांबा थोडं.

सोल्डरवाला
ते २४ तासांचं खरं आहे, पण ते फक्त एसएमएसचं. इथे नेटवर्कच नाही आणि ट्रे अडकलाय, ते प्रकरण वेगळं. बावीस वर्षं रिपेअरिंगचं दुकान आहे, असे ट्रे आठवड्याला एक-दोन येतात.

ताई, आधी फोन बंद करा. आता आत काय झालंय ते सांगतो. फोनमध्ये सिमच्या सोनेरी बाजूला टेकणाऱ्या बारीक स्प्रिंगा असतात, पुढून जरा उचललेल्या. सिम आणि अडॅप्टर यांच्यामध्ये केसाएवढी जरी फट राहिली, तरी ट्रे आत जाताना स्प्रिंगा त्यावरून घसरून जातात, पण बाहेर ओढताना त्यांची टोकं त्या फटीत अडकतात. म्हणून ट्रे आत सहज जातो आणि बाहेर येताना दोन मिलिमीटरवर थांबतो. जोर लावला की स्प्रिंग वाकते किंवा मुळापासून उपटते. पक्कड लपवलीत ते फार बरं केलंत.

आता हे करून बघा. ट्रे परत पूर्ण आत ढकला. कागदपत्रांच्या पारदर्शक फाइलचं पातळ प्लास्टिक असतं, त्याची ट्रेपेक्षा जरा अरुंद, बोटभर लांब पट्टी कापा. पिनने ट्रे तेवढाच दोन मिलिमीटर बाहेर काढा आणि सिमची सोनेरी बाजू ज्या अंगाला आहे त्या अंगाने पट्टी हळूहळू आत सरकवा. स्प्रिंगा पट्टीखाली दबल्या की ट्रे आणि पट्टी दोन्ही एकदमच बाहेर ओढा. पट्टी आत ठेवून नुसता ट्रे ओढू नका. दोन-तीनदा करून जमलं नाही तर थांबा, फोन उघडूनच काढावा लागेल. आणि पिन घालायचं भोक कुठलं ते नीट बघा, ट्रेच्या पट्टीवर असतं ते. शेजारचं भोक बहुतेक माईकचं असतं, तिथे पिन खुपसली तर समोरच्याला आवाज जात नाही.

सोनचाफा
पट्टी कापते. पण मुळात सिम सैल का? नकली आहे का?

सोल्डरवाला
नकली नाही. ट्रे बाहेर आला की नीट बघा. त्या काळातल्या बऱ्याच फोनांत, उदाहरणार्थ रेडमी नोट ४ मध्ये, पहिली खाच मायक्रो सिमची असायची आणि दुसरी नॅनो सिम किंवा मेमरी कार्ड यांपैकी एकासाठी. मायक्रो १५ बाय १२ मिलिमीटर, नॅनो १२.३ बाय ८.८. तुमचं नॅनो मायक्रोच्या खाचेत खुळखुळणारच. दुसऱ्या खाचेत ते नीट बसेल, अडॅप्टर लागणारच नाही.

दुकानातलं कार्ड बहुतेक तीन मापांत तोडता येणारं असतं. त्या मुलाने न विचारता सगळ्यात आतल्या रेषेवर तोडलं. मधल्या रेषेवर तोडलं असतं तर हे सगळं झालंच नसतं.

गल्लीतला_गजा
मग ती उरलेली चौकट फेकली नसेल तर त्यातच सिम परत बसवा की! वर टेपचा पातळ तुकडा. माझ्या आईच्या फोनमध्ये तीन वर्षं असंच चाललंय.

सोल्डरवाला
चाललंय कारण ते कुणी बाहेर काढलेलं नाही. काढाल तेव्हा कळेल. पण खरं सांगायचं तर चौकट अडॅप्टरपेक्षा बरी, फट कमी राहते. टेप मात्र सोनेरी बाजूला अजिबात नको, आणि पाठीमागेही एकच थर. जाडी वाढली की ट्रे आतच घट्ट बसतो. सगळ्यात वाईट म्हणजे रिकामं अडॅप्टर ट्रेत ठेवून ढकलणं. मधल्या भोकात सगळ्या स्प्रिंगा एकदम उठतात, मग पट्टीही कामाला येत नाही.

आणि गजाभाऊ, कापण्याचं म्हणाल तर मायक्रो सिम ०.७६ मिलिमीटर जाड असतं, नॅनो ०.६७. कापून लांबी-रुंदी जमते, जाडी तशीच राहते. काही ट्रे तेवढं सोसतात, काहींत पाचरीसारखं बसतं. तुमच्या पाच सिमांनी सोसलं असेल. शिवाय जुन्या कार्डांत सोनेरी भाग मोठा असायचा, नॅनोच्या मापात कात्री त्याच्यावरूनच जाते. नवीन सिम मिळत असताना कात्री कशाला लावायची?

गल्लीतला_गजा
मी मागून पॉलिश पेपरने घासतो. ते सांगायचं राहिलं.

डाक_टपाल
सिम परत बदलून आणणार असाल तर पुन्हा २४ तास ओटीपी नाही हे लक्षात ठेवा. पेन्शनची कामं आधी उरका. आणि कंपनी बदलायचा विचार असेल तर सिम बदलल्यापासून सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही, हा नियम जुलै २०२४ पासून आहे. मी त्यातच अडकलो होतो.

सोनचाफा
आला बाहेर! दुसऱ्या प्रयत्नाला. पट्टी आधी चुकीच्या अंगाने घातली होती. अडॅप्टरचा एक कोपरा दुमडलाय. टॉर्च मारून आत पाहिलं तर पहिल्या खाचेच्या सहा स्प्रिंगांपैकी पाच सारख्या उचललेल्या आहेत आणि एक आडवी पडली आहे.

सोल्डरवाला
ती आडवी आहे तिथपर्यंत नेटवर्क विसरा. सुईने उचलायला जाऊ नका, शेजारचीही जाईल. भिंगाखाली सरळ होते कधीकधी, तुटली असेल तर पूर्ण सॉकेट बदलायला लागतं. तोवर दुसऱ्या खाचेत सिम टाका.

सोनचाफा
टाकलं, नेटवर्क आलं. पण त्या खाचेत बाबांचं मेमरी कार्ड होतं, नऊशे अभंग आहेत त्यात. ते काढलं म्हणून आता माझ्याशी बोलत नाहीयेत.

सोल्डरवाला
कार्ड रीडरमधून अभंग फोनच्या आतल्या मेमरीत टाका, जागा असेल तर. एक विचारतो, सेटिंगमध्ये ते कार्ड कधी 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून फॉरमॅट केलं होतं का? तसं असेल तर दुसऱ्या कशातही ते वाचलं जाणार नाही.

सोनचाफा
ते बाबांनाच विचारावं लागेल. ते बोलले की सांगते.