मदत हवी आहे: परदेशातल्या नणंदेला फोटो पाठवून स्टँड मिक्सर मागवायचा आहे, पत्र कसं लिहू?

केकवाली_नाशिक

नमस्कार. मी गंगापूर रोडला राहते, घरून केकच्या ऑर्डर घेते. डिसेंबरात मनुका घातलेल्या केकला खूप मागणी असते आणि हातातला बीटर घट्ट मिश्रणात पाच मिनिटांत तापतो. म्हणून किचनएडचा लाल स्टँड मिक्सर घ्यायचा ठरवलाय. माझ्या नणंदबाई शिकागोला असतात, दिवाळीला येणार आहेत. त्यांना पत्र लिहून सोबत फोटो पाठवते आहे. फोटो एका व्हिडिओतून घेतलाय, त्यात मिक्सर गडद लाल आहे, स्टीलचं भांडं आहे आणि भांड्याला कान आहे.

मागच्या वेळी मी त्यांना नुसता फोटो पाठवून बेकिंगचा साचा मागवला होता. फोटोतल्यासारखाच दिसणारा पण दोन इंच लहान साचा आला. त्यांनी बिचाऱ्यांनी हौसेने आणला होता, मला काही बोलताच आलं नाही. या वेळी रक्कम मोठी आहे, चूक व्हायला नको.

मी लिहिलेला मसुदा असा:

"ताई, सा. न. सोबतच्या फोटोत आहे तसा किचनएडचा लाल मिक्सर आणाल का? मोठा आणा. पैसे आल्यावर देते."

यात अजून काय लिहायला हवं? आणि 'लाल' एवढं पुरेल का?

सुगरण_पंचवटी

मसुदा गोड आहे, पण 'मोठा आणा' काढून टाका. मोठा म्हणजे किती, हे दुकानात उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. तुमच्या वर्णनावरून तो डोकं मागे कलणारा आर्टिझन असावा. दुसऱ्या प्रकारात डोकं हलत नाही, बाजूच्या दांड्याने भांडं वर-खाली होतं. तो उंच असतो, ओट्यावरच्या कपाटाखाली बसेल का ते मोजून पाहा. आर्टिझनचं भांडं पावणेपाच लिटरच्या आसपास असतं, घरच्या ऑर्डरींना भरपूर झालं.

रंगाचं सांगते. किचनएडमध्ये एम्पायर रेड आणि कँडी ॲपल रेड असे दोन लाल आहेत. पहिला सपाट, तोंडलीच्या पिकल्या रंगासारखा. दुसऱ्यात चकाकी असते, गाडीच्या मेटॅलिक रंगासारखी. व्हिडिओच्या दिव्यांत दोन्ही सारखेच दिसतात. तेव्हा फोटोवर विसंबू नका, रंगाचं नाव लिहा.

अंबड_वाइंडर

ताई, रंगाचं थोडं बाजूला ठेवा. शिकागोहून आणायचा म्हणताय, तिथला वीजपुरवठा १२० व्होल्टचा. आपल्याकडे २३०. तो मिक्सर आपल्या सॉकेटला थेट लावला तर मोटरला जवळजवळ दुप्पट व्होल्टेज मिळेल. आधी आवाज चढेल, मग जळका वास येईल आणि वाइंडिंग गेलं म्हणून समजा. अंबड एमआयडीसीत माझं मोटर वाइंडिंगचं काम आहे. परदेशातून कुणीतरी प्रेमाने आणलेली आणि पहिल्याच दिवशी जळलेली यंत्रं माझ्याकडे येतात, म्हणून कळकळीने सांगतोय.

कॉलेजरोडकर

एवढं घाबरायचं कारण नाही. माझ्या मुलाने अमेरिकेतून लॅपटॉप आणला, पाच वर्षं झाली, फक्त पिनेला ॲडॅप्टर लावतो. मिक्सरलाही तेच करा, दीडशे-दोनशे रुपयांत मेन रोडवर मिळेल.

अंबड_वाइंडर

काका, लॅपटॉपचं तुमचं बरोबर आहे. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरात 100-240V असं छापलेलं असतं, म्हणजे तो दोन्हीकडे चालतो. मिक्सरच्या बुडाखाली पट्टी असते, अमेरिकेतल्या मिक्सरवर तिथे फक्त 120V 60Hz लिहिलेलं असेल. पिनेचा ॲडॅप्टर फक्त आकार बदलतो, व्होल्टेज आहे तेच राहतं.

सातपूर_अभियंता

आणि 60Hz चं काय? आपल्याकडे 50 आहे. ट्रान्सफॉर्मर लावला तरी मोटर हळू फिरेल, म्हणजे तोही उपाय बाद.

अंबड_वाइंडर

सगळ्या मोटरना ते लागू नाही. पंख्याची मोटर असती तर तुमचं म्हणणं पटलं असतं. या मिक्सरमध्ये कार्बन ब्रशची मोटर असते, तिला 50-60 चा फारसा फरक पडत नाही. खरी अडचण व्होल्टेजचीच.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, हे खरं. मिक्सर सव्वातीनशे वॉटचा आहे, पण घट्ट कणीक फिरताना झटका जास्त बसतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर किमान साडेसातशे व्हीएचा, तांब्याच्या तारेचा घ्यावा. तो चांगला जड ठोकळा असतो आणि ओट्यावर पाण्याजवळ ठेवायचा नाही. प्रवासाला मिळतात ते मुठीएवढे हलके कन्व्हर्टर मोटरला लावू नका, त्यातले बरेचसे हीटर-इस्त्रीसाठी असतात.

माझं मत विचाराल तर रोजच्या धंद्याच्या यंत्राला ही शेपटी नको. इंग्लंडात किंवा दुबईत कुणी आहे का तुमचं? तिथलं व्होल्टेज आपल्यासारखंच.

केकवाली_नाशिक

बापरे, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तुमचे उपकार. माझा मामेभाऊ लेस्टरला असतो, तोही डिसेंबरच्या सुरुवातीला नाशिकरोडला मामीकडे येणार आहे. मग पत्र त्याला लिहू? ताईंना वाईट वाटेल का, हाही प्रश्न आहे. त्यांना मी फोनवर अर्धवट सांगून ठेवलंय.

मनीषा_इंदिरानगर

माझ्या बहिणीने सिंगापूरहून फोन आणला तेव्हा विमानतळावर ड्युटी भरावी लागली होती. फोनवर किती ड्युटी लागते हल्ली? मलाही मागवायचा आहे.

सुगरण_पंचवटी

मनीषाताई, फोनसाठी वेगळा धागा काढा, इथे उत्तर हरवेल. पण ड्युटीचा मुद्दा केकवालीताईंच्याही कामाचा आहे. भावाला दुकानाचं बिल हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा. वस्तूची किंमत सवलतीच्या मर्यादेपलीकडे गेली तर वरच्या रकमेवर ड्युटी लागते, आणि बिल नसेल तर किंमत अधिकारी ठरवतात.

वजनाचंही लिहा. मिक्सर अकरा-बारा किलोचा आहे, खोका वेगळा. तेवीस किलोच्या बॅगेतली निम्मी जागा तुमच्या मिक्सरने खाल्ली तर त्याचे कपडे आणि मामींसाठीच्या वस्तू कुठे जाणार? हे आपणहून विचारलेलं बरं. मागणाऱ्याने वजन लपवलं की आणणारा पुढच्या वेळी टाळतो.

लंडनहून_परतलेली

मी तिथूनच आणलाय, म्हणून कोड सांगते. खोक्यावर आणि दुकानाच्या पानावर 5KSM175PSBER असा लांब नंबर असतो. सुरुवातीचा 5 म्हणजे २२०-२४० व्होल्टचा, अमेरिकेतल्या नंबरांना तो नसतो, तिथे KSM150PSER असं थेट सुरू होतं. शेवटून तिसरं अक्षर B म्हणजे ब्रिटिश पिन. ER म्हणजे एम्पायर रेड. 175 मध्ये मोठ्या भांड्यासोबत तीन लिटरचं छोटं भांडंही येतं, 5KSM125BER मध्ये एकच भांडं. छोट्या भांड्यात दोन-तीन अंड्यांचा पांढरा भाग नीट फेसतो, मोठ्यात तो तळाशीच राहतो. मला त्यासाठी जास्तीचे पैसे योग्य वाटले.

पिनेसाठी चांगला, अर्थिंगवाला ॲडॅप्टर घ्या. तिथली वॉरंटी इथे चालेल असं धरून चालू नका.

कॉलेजरोडकर

मग भारतातच का नाही घेत? इथेही मिळतो, वॉरंटीसकट.

केकवाली_नाशिक

काका, इथली किंमत बघितली आहे, फरक बराच आहे. पण ड्युटी आणि वॉरंटी धरून परत हिशेब करते, तुमचं म्हणणं सोडून दिलेलं नाही.

सगळ्यांचं वाचून पत्र नव्याने लिहिलंय:

"प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार. मामींची तब्येत बरी आहे, रविवारी जाऊन आले.

एक काम आहे, जमत असेल तरच. केकसाठी किचनएडचा स्टँड मिक्सर हवा आहे. फोटो जोडलाय, पण तो फक्त आकार दिसावा म्हणून, रंग त्यावरून बघू नकोस. नंबर 5KSM175PSBER, रंग एम्पायर रेड, स्टीलची दोन भांडी असलेला. घेण्याआधी खोक्यावरच्या पट्टीचा फोटो मला पाठव. त्यावर 220-240V असायला हवं. हा नंबर नसेल तर दुसरा काही घेऊ नकोस, आधी मला विचार. रंग नसेल तर काळा चालेल, चकाकीचा लाल नको.

वजन बारा किलोच्या आसपास आहे. तुझ्या बॅगेत जागा नसेल तर मोकळेपणाने नाही म्हण, मला जराही वाईट वाटणार नाही. किंमत कळव, पैसे तू घेण्याआधीच मामींच्या खात्यात टाकते. ड्युटी लागली तर तीही माझी. बिल हाताशी ठेव.

तुझी बहीण"

सुगरण_पंचवटी

सुरेख. 'हा नंबर नसेल तर दुसरा घेऊ नकोस' हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. आणणारा माणूस रिकाम्या हाताने यायला संकोचतो आणि जवळपासचं काहीतरी उचलतो.

ताईंचं म्हणाल तर त्यांना फोन करून व्होल्टेजचं खरं कारण सांगा. आणि त्यांच्याकडून वीज न लागणारं काहीतरी मागवा, व्हॅनिला इसेन्स किंवा नोझलचा सेट.

मनीषा_इंदिरानगर

मला नाही पटत. एकदा विचारून मग दुसऱ्याकडून मागवलं की नणंदेला लागतंच. माझ्या घरी झालंय हे. निदान आधी नवऱ्याला बोलू द्या त्यांच्याशी.

केकवाली_नाशिक

(चार दिवसांनी)

दादाचं उत्तर आलं. दुकानात मिळाला म्हणतोय, पट्टीचा फोटो पाठवलाय. व्होल्टेज बरोबर आहे, पण नंबर 5KSM175PSBCA दिसतोय. दुकानदार म्हणाला लाल तो लालच. घेऊ का?

लंडनहून_परतलेली

CA म्हणजे कँडी ॲपल, तो चकाकीचा. यंत्र तेच आहे, फरक फक्त रंगाचा. तुम्हाला चालत असेल तर घ्या.

केकवाली_नाशिक

नको. रोज डोळ्यासमोर राहणार आहे आणि पैसे साठवून घेतेय. त्याला आत्ताच कळवलं, ER मिळेपर्यंत थांब. ताईंशी हे आज रात्री बोलणार आहेत.