८० वरून १२० वर जाताना

> मेट्रिक मॉड्युलेशनमध्ये नवा टेम्पो माझा अंदाजपंचेच लागतो. नेमका पकडायचा कसा?

तो पकडायचा नसतो, निघतो. क्वार्टर नोट ८० ला असेल, तर ट्रिपलेटच्या नोट्स मिनिटाला २४० होतात. त्यांचा वेग तसाच ठेवून त्या दोन-दोनच्या गटात मोजा. त्याच आता एट्थ नोट्स झाल्या आणि क्वार्टर १२० वर आली. गडबड होते सांध्यावर: ॲक्सेंट हलला की हात नकळत ट्रिपलेटच पळवतो.

पडताळायला मेट्रोनोम ८० वरच राहू द्या. नव्या ४/४ मध्ये टिकटिक १ वर, २ च्या ‘अँड’वर आणि ४ वर पडली पाहिजे. पुढच्या बारमध्ये मात्र ती थेट १ च्या ‘अँड’वर येते, आणि बहुतेक जण इथेच घसरतात.