शेरे कुठून हातात घ्यायचे?

"सरांनी मसुद्यावर ४३ शेरे मारलेत. पहिल्या पानापासून सुरुवात करू का?"

नको. निफाडच्या द्राक्ष बागायतदारांवरच्या माझ्या प्रबंधात मी तेच केलं. आठवडाभर दुसऱ्या प्रकरणातले संदर्भ नीट लावत बसले. मग तिसऱ्यातला समासातला बारीक शेरा वाचला: 'फक्त निर्यात करणारेच का घेतले?' त्याचं उत्तर शोधताना उद्दिष्टच बदललं आणि घासूनपुसून ठेवलेली ६ पानं गळाली!

म्हणून प्रत्येक शेऱ्यापुढे लिहा, यानं आणखी कुठली प्रकरणं हलतील? जास्त हलवणारा आधी, शुद्धलेखन अगदी शेवटी. नुसतं 'स्पष्ट करा' असेल, तर तुम्हाला कळलेला अर्थ एका वाक्यात लिहून सरांना दाखवा, मगच हात लावा.